निफ्टी स्ट्राइकच्या वर बंद झाला, मग साडेचार हजार गेले कुठे?

नमस्कार ताई,
मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, वय २८. आयुष्यात पहिल्यांदाच ऑप्शन घेतला. निफ्टी २४,८५० ला असताना २५,००० चा मंथली कॉल १८० रुपयांना घेतला. एक लॉट, म्हणजे १३,५०० रुपये. एक्स्पायरीला दोन आठवडे होते. मधे एकदा निफ्टी २५,०७० झाला आणि प्रीमियम २४० दाखवत होता, पण ॲपमधल्या पेऑफच्या आकृतीत ब्रेक-ईव्हन २५,१८० लिहिलं होतं, म्हणून मी विकला नाही. शेवटी निफ्टी २५,१२० ला बंद झाला. स्ट्राइकच्या वर! तरी खात्यात ९,००० च आले. बाबा म्हणतात, इसार दिला होतास तर तो किमतीतून वळता व्हायला हवा होता. मित्र म्हणतो, कॉलमध्ये तोटा मर्यादितच असतो, तर पुढच्या वेळी २५,८०० सारखा लांबचा १२ रुपयांवाला घे, तेवढ्याच पैशात १५ लॉट येतात. मला ती आकृती मुळात नीट कळलेलीच नाही. कुठे चुकलं?
— एक वाचक, चाकण

तू ताई म्हणालास, म्हणून मीही एकेरीवर येते. फोन बाजूला ठेव आणि चौकटीच्या वहीतलं एक पान घे. ॲपमधली आकृती आयती मिळते आणि आयती मिळाली की कुणी ती वाचत नाही. फोर्टातल्या एका ब्रोकरच्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. तिथे नवीन आलेल्या पोरांकडून मी आधी ही रेष हातानेच काढून घ्यायचे.

आडव्या अक्षावर एक्स्पायरीच्या, म्हणजे कॉलची मुदत संपते त्या दिवशी निफ्टी कुठे बंद होईल ते आकडे मांड: २४,७०० पासून २५,५०० पर्यंत. तो दिवस लक्षात ठेव, कारण तुझी एक चूक नेमकी तिथेच आहे, तिच्याकडे पुढे येते. उभ्या अक्षावर एका युनिटमागे मिळणारे रुपये मांड. लॉटचा गुणाकार शेवटी करू.

आता थोडा वेळ विसर की तू पैसे मोजले आहेत. समज, हा कॉल तुला कुणी फुकट दिलाय. २५,००० च्या कॉलमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की निफ्टी त्या दिवशी कितीही असो, तुला तो २५,००० च्या भावाने घेण्याचा हक्क आहे. हा ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक. निफ्टी २४,७०० ला बंद झाला तर बाजारात ३०० ने स्वस्त मिळणारी वस्तू तू २५,००० ला कशाला घेशील? हक्क सोडून देशील, हाती शून्य. २४,९०० ला शून्य, २५,००० ला शून्य. २५,०६० ला मात्र हक्काला ६० रुपयांची किंमत आली, २५,१२० ला १२०, २५,४०० ला ४००. निफ्टी हा निर्देशांक असल्यामुळे प्रत्यक्षात काही घ्यायचं-द्यायचं नसतं, फरकाचे पैसे रोखीने खात्यात येतात. हे ठिपके जोड. डावीकडे शून्यावर सपाट रेष, २५,००० पाशी एक कोपरा आणि तिथून वर चढण. हॉकीची काठी आडवी ठेवल्यासारखी दिसते. निफ्टी एक अंक वर, की तुझा एक रुपया वर. दोन्ही अक्षांवर एकच मोजमाप घेतलंस तर चढ बरोबर ४५ अंशांचा येतो. ॲपमध्ये तो कधी उभा कडा दिसतो तर कधी टेकाड, कारण ॲप स्क्रीनच्या मापाने अक्ष ताणतं. त्या उतारावरून काही अनुमान काढू नकोस.

अर्थात कॉल फुकट मिळत नाही. तू त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, १८० दिलेस, तेही पहिल्याच दिवशी. मग निफ्टी कुठेही बंद होवो, प्रत्येक ठिपक्यातून १८० वजा करायचे. म्हणजे ती सगळी काठी, सपाट भागासकट, उचलून १८० ने खाली सरकवायची. सपाट भाग आता उणे १८० वर आला. कोपरा अजून २५,००० पाशीच आहे, पण तोही उणे १८० च्या खोलीवर. कोपऱ्यापाशी तू अजून पाण्याखाली आहेस. चढणीला लागलास खरा, पण १८० रुपयांची खोली अंकामागे एक रुपया या दराने चढायची, तर १८० अंक लागणारच. म्हणून रेष शून्याला छेदते ती २५,१८० वर. ब्रेक-ईव्हन म्हणजे एवढंच: स्ट्राइक अधिक प्रीमियम. मुद्दल सुटण्याची जागा. दलाली, कर वगैरे धरले तर ती आणखी एखादा अंक उजवीकडे सरकते, इथे ते सोडून देऊ.

तुझा ठिपका २५,१२० वर टाक. फुकटच्या रेषेवर तिथे १२० होते, खाली सरकवलेल्या रेषेवर उणे ६०. तेव्हा तुझा लॉट ७५ चा होता (एनएसई हा आकडा मधूनमधून बदलते, म्हणून घेताना बघून घ्यायचा). १२० गुणिले ७५ म्हणजे ९,०००, ते तुझ्या खात्यात आले. ६० गुणिले ७५ म्हणजे ४,५००, तो तुझा तोटा. हिशेबात कुणीही लबाडी केलेली नाही. तू स्ट्राइक ओलांडण्याला जिंकणं समजलास. स्ट्राइक ओलांडलं की तोटा भरून यायला सुरुवात होते, संपत नाही. २५,००० ते २५,१८० हा जो मधला पट्टा आहे तो नुकसानीचाच, फक्त वर चढत जाणाऱ्या नुकसानीचा.

या पट्ट्यात एक वेडेपणा मी पुष्कळांना करताना पाहिलाय. एक्स्पायरीच्या दुपारी ते म्हणतात, 'ब्रेक-ईव्हन काही येत नाही, म्हणजे कॉल वाया गेला,' आणि वैतागून मिळेल त्या भावाला फुंकून टाकतात. शेवटच्या तासाला निफ्टी २५,१२० च्या आसपास रेंगाळत असताना हा कॉल ९० ला विकणं म्हणजे ३० रुपये रस्त्यावर टाकणं. दिलेले १८० हा झालेला खर्च आहे, त्या क्षणी हातात आहे तो १२० किमतीचा हक्क. तू तो शेवटपर्यंत ठेवलास आणि पूर्ण ९,००० घेतलेस, तेवढं तरी बरोबर केलंस.

आता बाबांचा इसार. त्यांचं म्हणणं मला फार आवडलं, कारण बहुतेकांच्या मनात असतं ते त्यांनी उघड बोलून दाखवलं. गावाकडे प्लॉट ठरला की इसार देतात, पावती करतात आणि खरेदीखताच्या दिवशी तेवढी रक्कम किमतीतून वजा होते. तसं इथे असतं तर तुला २५,००० ऐवजी २४,८२० च द्यावे लागले असते आणि स्ट्राइकपाशीच तुझं मुद्दल सुटलं असतं. प्रीमियम वळता होत नाही. तो प्लॉटच्या किमतीचा भाग नाही, ती निराळ्याच वस्तूची किंमत आहे. 'अमुक तारखेपर्यंत याच भावाने देईन, बाजार कितीही चढला तरी मागे फिरणार नाही आणि तू नाही घेतलास तरी तुझ्यामागे लागणार नाही' या शब्दाची किंमत. मालकाने शब्द दिला, पाळला, त्याचे पैसे त्याने घेतले. खरेदी झाली तरी ते त्याचे, मोडली तरी त्याचेच. बाबांना सांग की इसार आणि प्रीमियममध्ये साम्य एकच: व्यवहार सोडून दिला तर दोन्ही बुडतात.

आणि इथेच तुझ्या मित्राच्या 'तोटा मर्यादितच' या वाक्याचं मूळ आहे. डावीकडची रेष सपाट का? ती खाली का जात नाही? त्याच वहीत दुसऱ्या रंगाने आणखी एक रेष काढ. समज, कॉलऐवजी तू त्याच दिवशी निफ्टीचं फ्युचर २४,९०० ला घेतलं असतंस. फ्युचरमध्ये हक्क नसतो, बांधिलकी असते. त्याची रेष सरळ, कोपऱ्याविना, डावीकडून उजवीकडे चढत जाते आणि २४,९०० वर शून्याला छेदते. २५,१२० ला फ्युचरवाल्याने २२० अंक कमावले, म्हणजे १६,५००. तू त्याच दिवशी ४,५०० गमावलेस. हेवा वाटतोय ना? आता डावीकडे बघ. निफ्टी २४,२०० ला गेला असता तर फ्युचरवाला ७०० अंकांनी, म्हणजे ५२,५०० ने बुडाला असता आणि वाटेत रोज संध्याकाळी ब्रोकरने त्याच्याकडून फरकाचे पैसे वसूल केले असते. तू १३,५०० वर थांबला असतास. २३,००० ला गेला असता तरी १३,५०० च.

कारण साधं आहे. खाली पडलेल्या बाजारात २५,००० ला घ्यायला तुला कुणी भाग पाडू शकत नाही. आणि तुझ्याकडून जे यायचं ते सगळं पहिल्या दिवशीच आलेलं आहे. देणं उरलेलंच नाही, तर वसूल काय करणार? म्हणूनच कॉल घेणाऱ्याकडे ब्रोकर प्रीमियमच्या पलीकडे मार्जिन, म्हणजे अनामत, मागत नाही आणि कॉल लिहिणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, त्याच एका लॉटसाठी लाख-दोन लाखांच्या घरात पैसे अडकवून ठेवावे लागतात. त्याची रेष तुझ्या रेषेची आरशातली प्रतिमा आहे: डावीकडे अधिक १८० वर सपाट, मग कोपऱ्यापासून खाली, आणि खाली जायला तळ नाही. तुझ्या सौद्यात समोरच्या माणसाला एक्स्पायरीला ६० गुणिले ७५, म्हणजे ४,५०० राहिले. तुझे साडेचार हजार कुठे गेले, याचं हे शब्दशः उत्तर. निफ्टी चढला तर होणाऱ्या तोट्याची जोखीम त्याने १८० रुपये घेऊन अंगावर घेतली होती.

हे काही परदेशातून काल आलेलं खूळ नाही, बरं. एनएसईवर निर्देशांकाचे ऑप्शन २००१ च्या जूनमध्ये सुरू झाले, पण आपल्या १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्यात ऑप्शनची व्याख्या आहे, तीत 'तेजी', 'मंदी', 'तेजी-मंदी', 'गली' हे बाजारातले शब्द 'कॉल' आणि 'पुट' यांच्या शेजारी इंग्रजीत जसेच्या तसे छापलेले आहेत. तेजी लावणारा आधी पैसे मोजायचा आणि भाव पडला तर मोजलेल्यावर पाणी सोडायचा. रेष तीच.

मर्यादा कुठे फुटते तेही सांगून ठेवते, कारण 'मर्यादित' हा शब्द ऐकून माणसं डोळे मिटतात. निफ्टीच्या कॉलमध्ये आज ती फुटत नाही, पण एके काळी फुटायची. १ सप्टेंबर २०१९ पर्यंत नियम असा होता की एक्स्पायरीला निफ्टी कॉलच्या स्ट्राइकच्या वर बंद झाला तर एसटीटी हा कर नफ्यावर नाही, सगळ्या सौद्याच्या रकमेवर ०.१२५ टक्के लागायचा. निफ्टी साडेदहा हजारांच्या आसपास असतानाचं धर. १०,५०० चा कॉल, बंद १०,५०८, लॉट ७५. हाती यायचे आठ गुणिले ७५, म्हणजे ६००. कर ७,८८,१०० रुपयांवर, म्हणजे सुमारे ९८५. प्रीमियम गेलाच, वर ३८५ खिशातून. आमच्या ऑफिसात अशा दिवशी दुपारी तीनला फोनांचा धडाका असायचा: 'तुमचा कॉल काठावर आहे, विकून टाका, ठेवू नका.' एका गृहस्थांनी आमचं ऐकलं नाही आणि दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट नोट घेऊन भांडायला आले. नियम बदलला, आता कर फक्त स्ट्राइकच्या वरच्या फरकावर लागतो. तुझ्या ९,००० वर तो मोजके काही रुपये होता.

आज जी फट आहे ती एकेका कंपनीच्या शेअरच्या कॉलमध्ये. तिथे रोखीने फरक मिळत नाही, शेअर प्रत्यक्ष उचलावे लागतात. स्ट्राइक १,४०० आणि लॉट ५०० असेल, आणि शेअर १,४०४ ला बंद झाला, तर तुला सात लाख रुपये उभे करून ५०० शेअर घ्यावे लागतात. पंचवीस रुपयांच्या प्रीमियमने साडेबारा हजारात घेतलेला कॉल. खात्यात सात लाख नसतील तर ब्रोकर त्याआधीच्या दिवसांत जादा मार्जिन मागतो, नाहीतर आपल्या मर्जीच्या वेळी सौदा कापतो. आणि शेअर घेतलेच, तर पुढच्या सकाळी तो १,३५० ला उघडला तर काय? कॉल संपला, त्याची सपाट रेष संपली, आता तू शेअरवाल्याच्या तिरक्या रेषेवर आहेस. म्हणून शेअरचा कॉल एक्स्पायरीच्या आठवड्यात हातात ठेवायचा की नाही, हे घेतानाच ठरवायचं.

आता ज्या चुकीला पुढे ढकललं होतं ती. प्रीमियम २४० झाला तेव्हा तू विकला नाहीस, कारण २५,१८० आलं नव्हतं. बाळा, ते २५,१८० त्या दिवसाचं नव्हतंच. वहीतला आडवा अक्ष आठव: एक्स्पायरीच्या दिवशी निफ्टी कुठे बंद होईल. ही पूर्ण आकृती त्या एका संध्याकाळचं चित्र आहे. मधल्या कुठल्याही दिवशी तुझा ब्रेक-ईव्हन अगदी साधा असतो: १८० ला घेतला, १८० च्या वर विकला की नफा. २४० ला विकला असतास तर ६० गुणिले ७५, म्हणजे ४,५०० कमावले असतेस. गंमत बघ, जेवढे गमावलेस तेवढेच.

मग निफ्टी २५,०७० ला असताना कॉल २४० चा आणि २५,१२० ला असताना १२० चा, हे कसं? प्रीमियममध्ये दोन वाटे असतात. एक, आत्ता या क्षणी हक्क वापरला तर मिळेल ते: २५,०७० ला ते ७०. उरलेले १७० कशाचे? अजून बरेच दिवस हातात आहेत आणि त्या दिवसांत निफ्टी आणखी चढू शकतो, याचे. तू घेतलास तेव्हा निफ्टी स्ट्राइकच्या खाली होता, म्हणजे पहिला वाटा शून्य. पूर्ण १८० रुपये तू काळाचे मोजलेस. तो काळ रोज थोडा झिजत गेला, शेवटच्या आठवड्यात जरा जास्तच भराभर झिजला आणि बंद होताना काही उरला नाही. १८० चा काळ संपला, १२० ची चाल मिळाली. वजा ६०. निफ्टी तुझ्या बाजूने २७० अंक गेला हे खरं, पण त्यातले पहिले १५० स्ट्राइकपर्यंत पोहोचण्यात गेले.

ॲपमध्ये पुन्हा जाशील तेव्हा नीट बघ. बऱ्याच ॲपमध्ये दोन रेषा असतात. एक कोपऱ्याची, ती एक्स्पायरीची. तिच्या वरून जाणारी दुसरी, वाकडी, कोपरा नसलेली, ती आजची. दिवस जातात तशी ही वाकडी रेष खाली बसत बसत शेवटी कोपऱ्याच्या रेषेला चिकटते. २५,०७० च्या दिवशी ती वाकडी रेष शून्याच्या वर ६० वर होती, आणि तू तिच्या खालच्या, कोपऱ्याच्या रेषेकडे बघत होतास. त्या दिवशी विकायलाच हवा होता असं मी म्हणत नाही. निफ्टी २५,६०० ला जाईल असं तुला वाटत असतं तर थांबणं ठीक होतं. पण 'ब्रेक-ईव्हन आलं नाही' हे थांबण्याचं कारणच नव्हे. एक सावधानता मात्र: वाकडी रेष अंदाजावर काढलेली असते. बाजार शांत झाला, उलथापालथीची भीती ओसरली, तर ती एका रात्रीत खाली सरकते. कोपऱ्याच्या रेषेत अंदाज नाही, ती निव्वळ वजाबाकी आहे.

शेवटी मित्र. त्याच्या १२ रुपयांच्या कॉलची रेष त्याच पानावर काढ, पण आता आडवा अक्ष २६,००० पर्यंत वाढव आणि उभ्या अक्षावर खरे रुपये घे. १५ लॉट म्हणजे १,१२५ युनिट, १२ ने गुणले की बरोबर १३,५००. तळ तुझ्याच तळाइतका खोल. तोटा दोघांचाही मर्यादित आणि सारखाच मर्यादित. फरक आडव्या दिशेला आहे. तुझा सपाट भाग २५,००० ला संपतो, त्याचा २५,८०० पर्यंत लांबतो. ब्रेक-ईव्हन २५,८१२. पुढचा चढ मात्र तुझ्यापेक्षा पंधरापट उभा: निफ्टीच्या प्रत्येक अंकाला तुला ७५ रुपये, त्याला १,१२५. निफ्टी २६,००० ला बंद झाला तर तुला ६१,५०० आणि त्याला २,११,५००. मित्राच्या डोळ्यांपुढे हा आकडा नाचतोय. यालाच बाजारात 'हिरो या झिरो' म्हणतात.

आता तुझ्या सौद्यात प्रत्यक्षात झालं ते त्याच्या रेषेवर ठेव. २५,१२० ला तुझे १३,५०० पैकी ९,००० परत आले. त्याचे १३,५०० पैकी शून्य परत आले असते. २५,५०० ला तू २४,००० ने नफ्यात, तो अजून पूर्ण बुडालेला. दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात? हिशेब केलास तर २५,८५७ च्या आसपास येतं. म्हणजे २४,८५० वरून दोन आठवड्यांत हजारभर अंक, चार टक्क्यांहून जास्त वर गेला, तरच त्याचा बेत तुझ्या बेताहून सरस. जाणार नाहीच असं नाही. कॉल १२ रुपयांना मिळतो तो मात्र विकणाऱ्यांना तसं होण्याची शक्यता फार कमी वाटते म्हणूनच.

आणि ही शक्यता आकृतीत कुठेही नसते. रेष सांगते की निफ्टी इथे बंद झाला तर तुला किती. तिथे बंद होण्याची शक्यता किती, यावर ती गप्प असते. सपाट भाग कागदावर निरुपद्रवी दिसतो, पण लांबच्या स्ट्राइकला निफ्टी बहुतेक वेळा त्या सपाट भागातच कुठेतरी बंद होतो, आणि तिथे 'मर्यादित' तोटा म्हणजे शंभर टक्के तोटा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. हा आकडा सगळ्या प्रकारच्या सौद्यांचा मिळून आहे, एकट्या कॉल घेणाऱ्यांचा नाही. पण त्यातल्या कितीतरी जणांनी एकेका सौद्यापुरता तोटा मर्यादितच ठेवला असणार. पुढच्या आठवड्यात ते परत आले, पुन्हा तेवढाच मर्यादित, त्याच्या पुढच्याही. एका लॉटची रेष एका लॉटपुरती बोलते. पडलेला कॉल ९० ला आणखी एक लॉट घेऊन ॲव्हरेज केलास तर ब्रेक-ईव्हन २५,१३५ ला आला म्हणून खूष होशील, आणि तळ १३,५०० वरून २०,२५० वर गेला हे पाहणार नाहीस.

तेव्हा मित्र आला की त्याला हे पान दाखव. २५,८५७ वर बोट ठेव आणि विचार, तू सांगतोयस त्या तारखेला निफ्टी याच्या उजवीकडे का बंद होईल? तारखेसकट कारण असेल तर त्याने त्याच्या पैशांनी पंधरा लॉट घ्यावेत. तुझा अंदाज 'दोन आठवड्यांत दोन-तीनशे अंक' असा असेल, तर त्या अंदाजाला २५,००० चा कॉलही १८० ला महागच होता. २४,८५० च्या आसपासचा कॉल त्या दिवशी किती रुपयांना मिळत होता ते ॲपच्या जुन्या भावांमध्ये शोध आणि त्याची रेष याच पानावर तिसऱ्या रंगाने काढून बघ. तळ जास्त खोल येईल, ब्रेक-ईव्हन डावीकडे सरकेल. मग २५,१२० वरून एक उभी रेघ ओढ आणि ती तिन्ही कॉलच्या रेषांना कुठे कुठे कापते ते मला लिहून पाठव.